कपॅसिटरमधले विस्थापन क्षेत्र : मुक्त भारापासून विद्युत क्षेत्रापर्यंत

समांतर प्लेटच्या कपॅसिटरमध्ये धातूच्या दोन सपाट प्लेट एकमेकींसमोर थोड्या अंतरावर ठेवलेल्या असतात. एका प्लेटवर धन आणि दुसरीवर तेवढाच ऋण विद्युतभार दिला, की मधल्या जागेत विद्युत क्षेत्र तयार होते. मध्ये हवा असेल तर त्या क्षेत्राचे मूल्य काढणे सोपे आहे. प्लेटच्या दर चौरस मीटरवर जेवढा भार असेल त्याला ε₀ या स्थिरांकाने भागले, की उत्तर मिळते. ε₀ चे मूल्य ८.८५ × १०⁻¹² फॅरड प्रति मीटर आहे.

उदाहरण म्हणून १० सेंटिमीटर बाजूच्या दोन चौरस प्लेट २ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या आहेत असे धरू. प्रत्येकीवर ८८.५ नॅनोकूलॉम भार आहे. प्लेटचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरचा शंभरावा भाग असल्यामुळे भाराची घनता ८.८५ मायक्रोकूलॉम प्रति चौरस मीटर येते. हे आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. ε₀ ने भागल्यावर क्षेत्र बरोबर दहा लाख व्होल्ट प्रति मीटर, म्हणजे १,००० व्होल्ट प्रति मिलिमीटर मिळते. अंतर २ मिलिमीटर असल्याने दोन प्लेटमधले विभवांतर २,००० व्होल्ट होते.

बॅटरी काढून टाकलेली आहे आणि प्लेटवरचा भार कुठेही जाऊ शकत नाही, अशा स्थितीत प्लेटमधली सगळी जागा काचेने भरली तर विभवांतर उतरते. ज्या काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५ आहे, ती घातल्यावर ते ४०० व्होल्टवर येते. प्लेटवरचा भार तसूभरही बदललेला नसताना क्षेत्र मात्र पाचपट कमी झालेले असते. हा फरक काचेच्या आत जे घडते त्यामुळे पडतो.

भार दोन प्रकारचा

काचेत धातूसारखे मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन नसतात. प्रत्येक रेणूतले धन आणि ऋण भार एकमेकांना बांधलेले असतात. बाहेरून क्षेत्र लावले, की धन भार किंचित एका बाजूला आणि ऋण भार किंचित दुसऱ्या बाजूला सरकतो. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. काचेच्या आत शेजारच्या रेणूंचे सरकलेले भार एकमेकांची भरपाई करतात, त्यामुळे तिथे बेरीज शून्यच राहते. दोन्ही पृष्ठभागांवर मात्र भरपाई करणारा शेजारी नसतो. म्हणून धन प्लेटला लागून असलेल्या काचेच्या पृष्ठावर ऋण भाराचा पातळ थर दिसू लागतो आणि समोरच्या पृष्ठावर धन भाराचा.

या थराला बद्ध भार म्हणतात. तो तारेतून वाहून नेता येत नाही किंवा प्लेटवरून उचलून घेता येत नाही. प्लेटवर बाहेरून दिलेला जो भार असतो तो मुक्त भार. बॅटरी हाच भार पुरवते आणि मोजमापाच्या उपकरणात हाच पकडता येतो. विद्युत क्षेत्र मात्र असा भेद करत नाही. ते मुक्त आणि बद्ध अशा दोन्ही भारांच्या बेरजेतून तयार होते. काचेच्या पृष्ठावरचा ऋण थर प्लेटवरच्या धन भाराचा बराचसा परिणाम पुसून टाकतो, म्हणून काचेच्या आतले क्षेत्र घटते.

गणिताची अडचण इथेच सुरू होते. क्षेत्र काढायला बद्ध भार माहीत हवा. बद्ध भार ध्रुवीकरणावर अवलंबून असतो आणि ध्रुवीकरण पुन्हा त्याच क्षेत्रावर अवलंबून असते. क्षेत्र कळल्याशिवाय भार कळत नाही आणि भार कळल्याशिवाय क्षेत्र कळत नाही, असा हा पेच आहे.

अंदाजाने सुरुवात करून पुढे दुरुस्ती करत जावे, असा विचार मनात येतो. तो वरच्या उदाहरणावर करून पाहण्यासारखा आहे. काच नसतानाचे क्षेत्र १,००० धरले, तर स्थिरांक ५ असलेल्या काचेतला बद्ध भार त्या क्षेत्राच्या चौपट विरोधी क्षेत्र निर्माण करेल. १,००० मधून ४,००० वजा केले की उणे ३,००० उरतात. म्हणजे क्षेत्राची दिशाच उलटली. हा आकडा घेऊन पुन्हा हिशेब केला तर उत्तर १३,००० येते. प्रत्येक फेरीत उत्तर खऱ्या मूल्याजवळ येण्याऐवजी आणखी दूर पळते. खरे मूल्य २०० आहे. अंदाज आणि दुरुस्तीच्या या सरळ वाटेने तिथे पोचता येत नाही.

पेच सोडवणारी राशी

या पेचातून बाहेर पडण्यासाठी एक नवी राशी व्याख्येने तयार केली जाते. तिला विस्थापन क्षेत्र म्हणतात आणि ती D या अक्षराने दाखवतात. हे नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या १८६० नंतरच्या लेखनातून रूढ झाले. डायइलेक्ट्रिकमध्ये वीज जणू किंचित सरकते, अशी त्याची कल्पना होती. व्याख्या अशी :

D = ε₀E + P

यात E हे विद्युत क्षेत्र आणि P हे ध्रुवीकरण. ही व्याख्या उपयोगी का पडते ते गाऊसच्या नियमावरून कळते. तो नियम सांगतो, की कोणत्याही बंद पृष्ठातून बाहेर पडणाऱ्या विद्युत क्षेत्राचा एकूण प्रवाह ε₀ ने गुणला, तर त्या पृष्ठाच्या आतला सगळा भार मिळतो, मुक्त अधिक बद्ध. दुसरीकडे, ध्रुवीकरण म्हणजेच बद्ध भाराचे सरकणे असल्यामुळे, एखाद्या पृष्ठातून P चा जेवढा प्रवाह बाहेर जातो तेवढाच ऋण बद्ध भार त्या पृष्ठाच्या आत मागे राहतो. ही दोन विधाने एकत्र केली, की बद्ध भार दोन्हीकडून कटतो. जे उरते ते असे : बंद पृष्ठातून बाहेर पडणारा D चा प्रवाह हा आतल्या फक्त मुक्त भाराइतका असतो.

कपॅसिटरसाठी हा नियम वापरायला एक छोटी, चपटी डबी कल्पावी. तिचे एक झाकण धन प्लेटच्या धातूत बुडालेले आहे आणि दुसरे प्लेटबाहेर, डायइलेक्ट्रिकच्या आत आहे. धातूच्या आत क्षेत्र शून्य असते, त्यामुळे त्या झाकणातून काहीच बाहेर पडत नाही. प्लेट मोठ्या आणि जवळजवळ असल्यामुळे क्षेत्र प्लेटला काटकोनात आहे, म्हणून डबीच्या बाजूंतूनही काही जात नाही. राहिले फक्त बाहेरचे झाकण. त्यातून जाणारा D हा डबीत सापडलेल्या मुक्त भाराएवढा, म्हणजे

D = σ

इथे σ ही प्लेटवरच्या मुक्त भाराची घनता. बाहेरचे झाकण पुढे नेत नेत दुसऱ्या प्लेटजवळ आणले, तरी डबीत नवीन मुक्त भार येत नाही. म्हणून प्लेटमध्ये काच असो, हवा असो की दोन्हींचे थर असोत, D चे मूल्य सगळीकडे तेच राहते.

यापुढचे काम प्रत्येक थराचा स्थिरांक करतो. साध्या डायइलेक्ट्रिकमध्ये D आणि E यांचे प्रमाण ठरलेले असते : E = D/(κε₀). κ म्हणजे त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. आधी मुक्त भारावरून D, मग D वरून प्रत्येक थरातले E, मग E ला जाडीने गुणून विभवांतर, अशा तीन पायऱ्यांत हिशेब संपतो. बद्ध भार हवाच असेल तर तो शेवटी P = D − ε₀E यावरून काढता येतो.

अर्धी काच, अर्धी हवा

आता त्याच कपॅसिटरमध्ये धन प्लेटला चिकटवून १ मिलिमीटर जाडीची काच ठेवू आणि उरलेल्या १ मिलिमीटरमध्ये हवाच राहू देऊ. बॅटरी काढलेली आहे, भार पूर्वीचाच आहे. D सगळीकडे ८.८५ मायक्रोकूलॉम प्रति चौरस मीटर. हवेत κ जवळजवळ १ असल्यामुळे तिथले क्षेत्र १,००० व्होल्ट प्रति मिलिमीटर, म्हणजे काच घालण्याआधी होते तेवढेच. काचेत κ = ५, म्हणून तिथे २०० व्होल्ट प्रति मिलिमीटर. हवेच्या थरावर १,००० व्होल्ट आणि काचेवर २०० व्होल्ट मिळून प्लेटमधले विभवांतर १,२०० व्होल्ट झाले.

पडताळा बद्ध भारावरून घेता येतो. काचेत ε₀E चे मूल्य १.७७ आहे, तेव्हा P = ८.८५ − १.७७ = ७.०८ मायक्रोकूलॉम प्रति चौरस मीटर. काचेच्या धन प्लेटकडच्या पृष्ठावर एवढा ऋण बद्ध भार आहे. प्लेटचा ८.८५ आणि काचेचा उणे ७.०८ यांची बेरीज १.७७ येते आणि तिला ε₀ ने भागल्यावर पुन्हा २०० व्होल्ट प्रति मिलिमीटर मिळतात. हिशेब जुळला. काचेच्या दुसऱ्या पृष्ठावरचा धन ७.०८ यात मिळवला, की हवेत पुन्हा पूर्ण ८.८५ चा परिणाम दिसतो. काचेने हवेतल्या क्षेत्राला हात का लावला नाही, याचेही उत्तर यातच आहे.

बॅटरी जोडलेली असताना

वरच्या सगळ्या हिशेबात भार ठरलेला होता. बॅटरी जोडलेली राहिली तर ठरलेली गोष्ट बदलते. विभवांतर कायम राहते आणि मुक्त भार बॅटरीतून हवा तेवढा येतो. अशा वेळी D आधी माहीत नसतो, पण सगळ्या थरांत तो सारखा असतो हे माहीत असते. तेवढ्यावर काम भागते. D अज्ञात धरून प्रत्येक थराचे विभवांतर लिहायचे, बेरीज बॅटरीच्या विभवांतराएवढी ठेवायची आणि D काढायचा.

या हिशेबातून एक धोक्याची गोष्ट बाहेर येते. समजा प्लेटमध्ये २ मिलिमीटर हवा आहे आणि स्रोत ५,००० व्होल्टचा आहे. हवेतले क्षेत्र २,५०० व्होल्ट प्रति मिलिमीटर. गुळगुळीत प्लेटमधली २ मिलिमीटर कोरडी हवा साधारण साडेसात हजार व्होल्टपर्यंत तग धरते, तेव्हा काही बिघडत नाही. आता आणखी खबरदारी म्हणून दीड मिलिमीटर जाडीची काच मध्ये सरकवली. हवेचा थर अर्धा मिलिमीटर उरला.

हवेतले क्षेत्र E असेल तर काचेतले त्याच्या पाचवा भाग. काचेची दीड मिलिमीटर जाडी म्हणजे विभवांतराच्या दृष्टीने ०.३ मिलिमीटर हवेएवढी. म्हणून ५,००० व्होल्ट भागिले ०.८ मिलिमीटर, म्हणजे हवेत ६,२५० व्होल्ट प्रति मिलिमीटर. हवेच्या त्या अर्ध्या मिलिमीटरवर ३,१२५ व्होल्ट आले आणि काचेवर १,८७५. अर्धा मिलिमीटर हवा सुमारे अडीच हजार व्होल्टलाच दगा देते. म्हणजे काच नसताना जी व्यवस्था शाबूत होती, तिच्यात चांगला रोधक घातल्यावर ठिणगी पडली. काचेवरचा ताण तिच्या क्षमतेच्या मानाने किरकोळ आहे. सगळा भार दुबळ्या हवेने उचलला.

उच्चदाबाच्या उपकरणांत हवेच्या बारीक पोकळ्यांना एवढे का जपतात, ते यावरून समजते. घन रोधकात क्षेत्राला आडवी पसरलेली पातळ पोकळी राहिली, तर D दोन्हीकडे सारखा असल्यामुळे पोकळीतले क्षेत्र भोवतालच्या पदार्थातल्या क्षेत्राच्या κ पट होते. आत बारीक ठिणग्या पडू लागतात. प्रत्यावर्ती दाबावर त्या प्रत्येक अर्धचक्रात पुन्हा पुन्हा पडतात आणि रोधक हळूहळू पोखरला जातो. बाहेरून उपकरण धडधाकट दिसते. संवेदनशील यंत्रात मात्र विद्युतप्रवाहाचे बारीक झटके उमटतात आणि त्यावरून दोष ओळखतात. कागदी कपॅसिटर बनवताना कागदाची गुंडाळी निर्वातात वाळवून मगच तिच्यात तेल मुरवतात, ते ही हवा हुसकावण्यासाठीच.

थर शेजारी शेजारी असतील तर

काच आणि हवा एकापुढे एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवली, तर वरची पद्धत जशीच्या तशी लावून चालत नाही. समजा प्लेटच्या अर्ध्या क्षेत्रफळावर पूर्ण २ मिलिमीटर जाडीची काच आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर हवा. एकूण भार पूर्वीचाच ८८.५ नॅनोकूलॉम. भार भागिले क्षेत्रफळ करून D = ८.८५ लिहिले, तर उत्तर चुकते. धातूच्या प्लेटवर मुक्त भार मोकळा असतो. तो काचेसमोरच्या अर्ध्यावर जास्त आणि हवेसमोरच्या अर्ध्यावर कमी गोळा होतो. σ च दोन ठिकाणी वेगवेगळी आहे.

इथे सारखे राहते ते E. दोन्ही भागांत प्लेट त्याच, अंतर तेच आणि विभवांतरही तेच, म्हणून क्षेत्रही तेच. हवेतला D एक भाग धरला तर काचेतला पाच भाग. दोन्हींची सरासरी ८.८५ यायला हवी, म्हणून हवेसमोर २.९५ आणि काचेसमोर १४.७५ मायक्रोकूलॉम प्रति चौरस मीटर. क्षेत्र दोन्हीकडे ३३३ व्होल्ट प्रति मिलिमीटर आणि विभवांतर सुमारे ६६७ व्होल्ट.

मायकेल फॅरडेने १८३७ साली डायइलेक्ट्रिकचा परिणाम मोजला, तेव्हा त्याची रचना याच प्रकारची होती. त्याच्याकडे पोकळ पितळी गोलात दुसरा गोल बसवलेली दोन एकसारखी उपकरणे होती. त्यांपैकी एकाच्या मधल्या जागेत त्याने लाखेची अर्धगोल वाटी बसवली आणि भार दोन्ही उपकरणांत कसा वाटला जातो ते पाहिले. अर्धीच जागा भरलेली असल्यामुळे उपकरणाची धारकता (१ + κ)/२ पट होते. म्हणजे अशा मोजणीत धारकता दीडपट दिसली तर पदार्थाचा स्थिरांक २ असतो.

पद्धत कुठे थांबते

D = σ हे विधान फक्त मुक्त भारावरून येते, त्यामुळे D म्हणजे मुक्त भाराचेच क्षेत्र, असा समज सहज होतो. तो खरा नाही. इलेक्ट्रेट नावाच्या पदार्थांत ध्रुवीकरण कायमचे गोठलेले असते. लांबीच्या दिशेने ध्रुवीकरण झालेली अशी लांब कांडी घेतली, तर तिच्यावर मुक्त भार अजिबात नसतो, तरी तिच्या आत D शून्य नसतो. गाऊसचा नियम D चा एकूण प्रवाह सांगतो. D चे मूल्य त्यावरून थेट काढायचे, तर रचनेत पुरेशी सममिती हवी. मोठ्या समांतर प्लेट, एककेंद्री गोल आणि लांब एकाक्ष नळकांडी यांत ती असते. प्लेटच्या कडेला क्षेत्ररेषा बाहेर फुगतात, तिथे ती नसते. म्हणून प्लेटचा आकार मधल्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असेल, तरच वरचे आकडे विश्वासाचे.

दोन थरांच्या सीमेवर D सारखा राहतो, हेही सीमेवर मुक्त भार नसेल तोवरच. वरच्या उदाहरणात हवेत ठिणगी पडली, की भार काचेच्या पृष्ठावर येऊन बसतो. त्यानंतर काचेतला आणि हवेतला D यांत त्या भाराच्या घनतेएवढा फरक पडतो आणि क्षेत्रांची वाटणी बदलते. थोडीशी गळती असलेल्या पदार्थांत एकदिश दाब बराच वेळ लावून ठेवला, तर ठिणगीविनाच असा भार सीमेवर साचतो. शेवटी विभवांतराची वाटणी κ वर न ठरता थरांच्या रोधकतेवर ठरते.

तिसरी मर्यादा κ ची आहे. बेरियम टायटनेटवर आधारलेल्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये D आणि E यांचे प्रमाण कायम राहत नाही. दाब वाढला की परिणामी κ घटतो आणि धारकता छापलेल्या आकड्यापेक्षा कमी भरते. तिथेही D = σ खरेच असते. फक्त D वरून E काढताना साधा भागाकार पुरत नाही, त्या पदार्थाचा मोजून काढलेला आलेख वापरावा लागतो.

तेव्हा कपॅसिटरचे उदाहरण हाती आल्यावर आकडेमोडीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. थर एकापुढे एक असतील तर D समान धरावा आणि शेजारी शेजारी असतील तर E. बॅटरी काढलेली असेल तर भार कायम असतो, जोडलेली असेल तर विभवांतर. एवढे आधी ठरवले तर बद्ध भाराला स्पर्श न करता प्रत्येक थरातले क्षेत्र मिळते.